८० लाखांच्या शेअरना किती लॉट?

३१ मे २०२४, शुक्रवार. निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला. लोकसभा निवडणुकीचं शेवटच्या टप्प्याचं मतदान शनिवारी, त्याच संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्या, आणि मंगळवारी, ४ जूनला, निकाल. आठवडाभरात बाजार कुठेही जाऊ शकतो हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त दिशा कुणालाच माहीत नव्हती.

अशा वेळी ज्यांच्याकडे बरीच वर्षं जपलेले शेअर असतात, त्यांच्यापुढे दोन वाटा दिसतात. एक तर सगळं विकून मोकळं व्हायचं किंवा डोळे मिटून बसायचं. विकलं तर भांडवली नफ्यावर कर भरावा लागतो आणि परत घेताना भाव हातात राहत नाही. तिसरी वाट म्हणजे शेअर जागेवर ठेवून तेवढ्या काळापुरते निफ्टीचे फ्युचर विकायचे. बाजार पडला तर शेअरमध्ये तोटा होईल, पण विकलेल्या फ्युचरमध्ये साधारण तेवढाच नफा होईल. याला बाजारात हेजिंग म्हणतात. ही सोय आपल्याकडे जून २००० पासून आहे. मुंबई शेअर बाजाराने सेन्सेक्सचे आणि राष्ट्रीय शेअर बाजाराने निफ्टीचे फ्युचर त्याच महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने सुरू केले.

आता खरा प्रश्न येतो तो संख्येचा. किती फ्युचर विकायचे? कमी विकले तर संरक्षण अर्धवट राहतं. जास्त विकले तर संरक्षण संपून बाजार पडावा यावर लावलेली पैज सुरू होते, आणि हे करणाऱ्याला ते कळतही नाही.

समजा, एका निवृत्त अधिकारी बाईंकडे ३१ मे रोजी ८० लाख रुपयांचे शेअर आहेत. पहिला विचार असा येतो की ८० लाखांचे शेअर आहेत, तर ८० लाखांचे फ्युचर विकावेत. पण त्यांचे शेअर निफ्टीइतकेच हलतात का? निफ्टी एक टक्का पडला की काही शेअर दीड टक्का पडतात, काही अर्धा टक्का. या हलण्याच्या प्रमाणाला बीटा म्हणतात. बीटा १.५ म्हणजे आजवरच्या अनुभवात निफ्टी १ टक्का हलला तेव्हा तो शेअर सरासरीने दीड टक्का हलला.

बाईंचे शेअर चार गटांत मांडू. सरकारी बँका आणि सरकारी कंपन्यांत २४ लाख, बीटा १.५. यंत्रसामग्री आणि बांधकाम क्षेत्रातल्या कंपन्यांत २४ लाख, बीटा १.२५. खासगी बँकांत २० लाख, बीटा १.०५. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांत १२ लाख, बीटा ०.७५. हे बीटा उदाहरणापुरते धरले आहेत, पण त्यांचा चढउतार वास्तवाला धरून आहे. प्रत्येक गटाच्या रकमेला त्याच्या बीटाने गुणायचं: ३६ लाख, ३० लाख, २१ लाख आणि ९ लाख. बेरीज ९६ लाख. म्हणजे हे ८० लाखांचे शेअर बाजाराच्या झोक्यापुढे ९६ लाखांच्या निफ्टीसारखे वागतात. ९६ भागिले ८०, म्हणजे १.२, हा झाला संपूर्ण पोर्टफोलिओचा बीटा.

मला हा ९६ लाखांचा आकडा बीटापेक्षा जास्त बोलका वाटतो. १.२ ऐकून फारसं काही जाणवत नाही. ‘माझ्या ८० लाखांवर ९६ लाखांची जोखीम आहे’ हे मात्र लगेच समजतं. हेज करायचं ते या ९६ लाखांचं.

आता दुसरी बाजू. फ्युचर सुटे मिळत नाहीत, ते लॉटमध्ये घ्यावे किंवा विकावे लागतात. २०२४ च्या जून महिन्याच्या निफ्टी फ्युचरचा लॉट २५ नगांचा होता. फ्युचरचा भाव हिशेबापुरता २२,६०० धरू, कारण फ्युचरचा भाव बहुधा निर्देशांकापेक्षा थोडा वर असतो. एका लॉटची किंमत झाली २२,६०० गुणिले २५, म्हणजे ५,६५,००० रुपये. ९६ लाखांना ५.६५ लाखांनी भागलं की १६.९९ येतात. १७ लॉट विकायचे. हेच सूत्राच्या रूपात मांडायचं तर:

लॉटची संख्या = (पोर्टफोलिओची किंमत × बीटा) ÷ (फ्युचरचा भाव × एका लॉटमधले नग)

इथे कसलीही गुंतागुंत नाही, चौथीतल्या मुलालाही हा भागाकार जमेल. बीटाकडे दुर्लक्ष करून ८० लाखांनाच भागलं असतं तर १४ लॉट आले असते आणि ९६ लाखांपैकी जवळपास १७ लाख उघड्यावर राहिले असते.

सगळी जोखीम काढायची नसेल तर? बाईंना वाटलं की बीटा १.२ वरून ०.६ वर आणला तरी पुरे, तर सूत्रात १.२ ऐवजी दोहोंतला फरक, म्हणजे ०.६, घालायचा. उत्तर साडेआठ लॉट येतं, म्हणून ८ किंवा ९ विकायचे. व्यवहारात अनेक मोठे गुंतवणूकदार हेच करतात. संपूर्ण हेज करून बसलेला माणूस बाजार वर गेल्यावरही तिथेच राहतो, हे त्यांना ठाऊक असतं.

बाईंनी पूर्ण हेज केलं असं धरू आणि पुढे काय झालं ते पाहू.

शनिवारी संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला मोठं बहुमत दाखवलं. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी ७३३.२० अंकांनी उसळून २३,२६३.९० वर बंद झाला. बीटा १.२ प्रमाणे बाईंचे शेअर सुमारे ३.९ टक्के वाढले, म्हणजे ३ लाख १२ हजारांनी. १७ लॉट म्हणजे ४२५ नग. फ्युचरही निर्देशांकाइतकेच हलले असं धरलं तर ७३३.२० गुणिले ४२५, म्हणजे ३ लाख ११ हजारांहून थोडा जास्त तोटा फ्युचरमध्ये झाला. दोन्ही आकडे एकमेकांना जवळजवळ तंतोतंत काटतात. कागदावर सारं ठीक आहे.

पण हातातल्या पैशाचं तसं नाही. शेअरमधली वाढ डीमॅट खात्यात नुसती दिसते, तिची रोकड होत नाही. फ्युचरमधला तोटा मात्र रोजच्या रोज चुकता करावा लागतो. दिवसअखेरच्या भावाने हिशेब होतो आणि रक्कम रोखीने खात्यातून जाते. याला बाजारात एमटीएम म्हणतात. बाईंना सोमवारच्या एका दिवसासाठी ३ लाखांहून जास्त रोख लागली. त्याशिवाय मार्जिन असतं ते वेगळंच. ते करारमूल्याच्या साधारण १० ते १५ टक्के असतं, अस्थिर काळात वाढतं. इथे करारमूल्य ९६ लाख, म्हणजे दहा ते चौदा लाख अडकले. मार्जिनसाठी शेअर तारण ठेवता येतात, पण रात्रभर ठेवलेल्या सौद्यात निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसमान स्वरूपात असावं लागतं, आणि एमटीएमसाठी तर रोखच हवी. रोख नसेल तर ब्रोकर सौदा बंद करून टाकतो. सोमवारी संध्याकाळी ज्याचा सौदा असा बंद झाला असता, तो मंगळवारी उघड्यावर सापडला असता. म्हणून लॉटची संख्या काढताच लगेच दुसरा हिशेब करावा: बाजार आपल्या ‘विरुद्ध’, म्हणजे वर, पाच टक्के गेला तर मला किती रोख द्यावी लागेल? इथे ते उत्तर आहे सुमारे ४ लाख ८० हजार. तेवढी बाजूला नसेल तर तेवढे लॉट विकू नयेत.

मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि चाचण्यांचे अंदाज कोसळले. निफ्टी १,३७९.४० अंकांनी, म्हणजे ५.९३ टक्क्यांनी पडून २१,८८४.५० वर थांबला. दिवसभरात तो याहून बराच खाली जाऊन आला होता. विकलेल्या ४२५ नगांवर बाईंच्या खात्यात ५ लाख ८६ हजार रुपये आले. बीटा १.२ प्रमाणे ८३ लाखांवर पोचलेले शेअर ७.१ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ९० हजारांनी पडायला हवेत. पुन्हा दोन्ही बाजू जुळतात.

पुस्तकातलं उदाहरण इथेच संपतं. वास्तव पुढे आहे, आणि मला वाटतं की हेजिंगबद्दल सांगण्यासारखी गोष्ट इथूनच सुरू होते. कारण त्या मंगळवारी सगळे शेअर आपापल्या बीटाप्रमाणे पडले नाहीत. पडझड मुख्यतः सरकारी धोरणांवर अवलंबून असलेल्या कंपन्यांत झाली. सरकारी बँकांचा निर्देशांक सुमारे १५ टक्के खाली आला. स्टेट बँकेचा शेअर साधारण १४ टक्क्यांनी घसरला. त्याच दिवशी हिंदुस्तान युनिलिव्हरचा शेअर सहा टक्क्यांच्या आसपास वर गेला, कारण पैसा सुरक्षित आसरा शोधत होता. बाजार सहा टक्के पडलेला असताना बीटा ०.७५ असलेल्या गटाने साडेचार टक्के पडायला हवं होतं, आणि त्यातले शेअर वाढले.

बाईंच्या चार गटांना त्या दिवसाच्या वातावरणाशी जुळतील असे आकडे लावून पाहू. सरकारी गट २५ लाखांचा झाला होता, तो १५ टक्के पडला: ३ लाख ७५ हजार. यंत्रसामग्री आणि बांधकामाचे २५ लाख, ११ टक्के घट: २ लाख ७५ हजार. खासगी बँकांचे २१ लाख, साडेसहा टक्के घट: सुमारे १ लाख ३७ हजार. साबण-बिस्किटांचे १२ लाख, ४ टक्के वाढ: ४८ हजार अधिक. एकूण नुकसान सुमारे ७ लाख ४० हजार. फ्युचरमधून आले ५ लाख ८६ हजार. दीड लाखाचं भोक राहिलं. त्या दिवसापुरता या पोर्टफोलिओचा बीटा १.२ नव्हता, दीडच्या घरात होता.

यात सूत्राची चूक नाही. सूत्रात चार आकडे आहेत. शेअरची किंमत, फ्युचरचा भाव आणि लॉटचा आकार हे तीन पक्के आहेत, ते पडद्यावर दिसतात. चौथा, बीटा, हा अंदाज आहे, आणि तोही भूतकाळावरून केलेला. गेल्या वर्षभरातली शेअरची रोजची टक्केवारी आणि निफ्टीची रोजची टक्केवारी दोन रकान्यांत मांडायची, एक्सेलमध्ये SLOPE हे फलन लावायचं, आलेला आकडा म्हणजे बीटा. वर्षाऐवजी तीन वर्षं घेतली, रोजच्याऐवजी आठवड्याची टक्केवारी घेतली, तर आकडा बदलतो. १.२ चा १.३५ होणं अगदी सहज घडतं, आणि तेवढ्याने १७ लॉटचे १९ होतात. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत तर रोजची टक्केवारी हमखास फसवते. त्यांत उलाढाल कमी, त्यामुळे निफ्टी आज पडला की हा शेअर उद्या-परवा पडतो. रोजच्या आकड्यांत हा उशीर दिसत नाही आणि बीटा खोटाच कमी येतो. अशा शेअरसाठी आठवड्याची टक्केवारीच घ्यावी.

बीटाबरोबर आणखी एक आकडा काढावा, आणि बहुतेक लोक तो काढत नाहीत. एक्सेलमध्येच RSQ नावाचं फलन आहे. त्याच दोन रकान्यांवर ते लावलं की शून्य ते एक यांमधला एक आकडा येतो. पोर्टफोलिओच्या चढउतारातला किती भाग निफ्टीमुळे होता, हे तो सांगतो. बीटा सांगतो किती लॉट विकायचे, आणि हा आकडा सांगतो की ते विकून उपयोग किती होईल. दोन पोर्टफोलिओंचा बीटा अगदी सारखा १.२ असू शकतो आणि दोघांनीही १७ लॉट विकले तरी एकाची झोप शांत आणि दुसऱ्याची उडालेली असू शकते.

समजा हा आकडा ०.६४ आला. ऐकायला बरा वाटतो, जणू ६४ टक्के जोखीम गेली. प्रत्यक्षात तसं होत नाही. एकातून ०.६४ वजा केले की ०.३६ उरतात, आणि त्याचं वर्गमूळ ०.६. म्हणजे अचूक संख्येने हेज केल्यावरही मूळ हेलकाव्याच्या ६० टक्के हेलकावा शिल्लक राहतो. कमी झाला फक्त ४० टक्के. आकडा ०.९ असला तरी जवळपास एक तृतीयांश हेलकावा उरतो. पंचवीस-तीस मोठ्या, वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या कंपन्या असतील तर हा आकडा उंच येतो. सहा-सात शेअर असतील, किंवा सगळे एकाच क्षेत्रातले असतील, तर तो कमी येतो, आणि तिथे निफ्टी विकून फार काही साधत नाही.

म्हणून स्वतःला आधी विचारायला हवं की भीती कशाची आहे. संपूर्ण बाजार पडेल अशी भीती असेल तर निफ्टीचे फ्युचर हे योग्य औषध आहे. ‘सरकार बदललं तर माझ्या सरकारी कंपन्यांचं काय’ अशी भीती असेल तर ती निफ्टीच्या फ्युचरने जात नाही. ४ जूनला राहिलेलं ते दीड लाखाचं भोक याच भीतीचं होतं. तिथे त्या गटातले काही शेअर विकणं हाच सरळ उपाय ठरला असता. मी तर म्हणेन, आधी तो गट कमी करावा आणि मग उरलेल्या पोर्टफोलिओचा बीटा काढून हेज करावं. तसं केल्यावर लॉटही कमी लागतात, कारण सर्वांत मोठा बीटा त्याच गटाचा असतो.

मग हेज काढायचं कधी? ५ जूनला निफ्टी ७३५ अंकांनी परत उठला आणि शुक्रवारी, ७ जूनला, तो २३,२९०.१५ वर बंद झाला. ३१ मेच्या पातळीपेक्षा ७५९ अंक वर. आठवडाभर १७ लॉट धरून ठेवले असते तर फ्युचरमध्ये सुमारे ३ लाख २३ हजारांचा तोटा झाला असता आणि १.२ च्या हिशेबाने शेअरमध्ये जवळपास तेवढाच नफा. बेरीज शून्य. हेज न केलेल्या शेजाऱ्याकडे मात्र ३ लाखांहून जास्त वाढ दिसत होती. अशा वेळी हेज केलेल्याला हळहळ वाटते आणि पुढच्या वेळी तो हेजच करत नाही. हे टाळायचं तर हेज काढण्याची वेळ ते लावण्याआधीच कागदावर लिहून ठेवावी. बाईंना निकालाच्या दिवसाची भीती होती, तर निकाल लागल्यावर, चित्र स्पष्ट होताच, लॉट परत घ्यायचे. मंगळवारी दुपारी ‘अजून थोडं पडेल’ म्हणून ते धरून ठेवले की त्या क्षणी हेज संपतं आणि सट्टा सुरू होतो. लांब मुदतीचं हेज असेल तर महिना संपताना सध्याचे लॉट परत घेऊन पुढच्या महिन्याचे विकावे लागतात. दर वेळी संख्या नव्याने काढावी, कारण दरम्यान शेअरची खरेदी-विक्री झालेली असते आणि लॉटचा आकारही बदललेला असू शकतो.

लॉटच्या आकाराने छोट्या गुंतवणूकदारांसाठी अलीकडे बराच फरक पाडला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने निर्देशांकाच्या करारांचं किमान मूल्य १५ लाख रुपये केलं आणि त्यानंतर निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ नगांवर गेला. सट्ट्याला आळा घालण्यासाठी ते आवश्यक होतं असं मला वाटतं. पण त्याची किंमत हेज करणाऱ्यांनीही मोजली. बाईंचाच हिशेब ७५ च्या लॉटने करा. एक लॉट १६ लाख ९५ हजारांचा, आणि ९६ लाखांना त्याने भागलं तर ५.६६ येतात. ५ विकले तर सव्वाअकरा लाखांची जोखीम उघडी राहते, ६ विकले तर पावणेसहा लाखांचं जादा हेज होतं. २५ च्या लॉटमध्ये जिथे पूर्णांकाने काम चोख होत होतं, तिथे आता एका बाजूला झुकावंच लागतं. जादा हेज म्हणजे बाजार पडावा अशी इच्छा धरणं, म्हणून अशा वेळी खालचा आकडा घ्यावा, असं माझं मत आहे.

आणि ज्यांच्याकडे १० लाखांचे शेअर आहेत, बीटा ०.९, त्यांची जोखीम ९ लाखांची. १७ लाखांच्या लॉटने भागलं तर अर्ध्याच्या आसपास उत्तर येतं. एक लॉट विकला तर जवळपास दुप्पट हेज होतं: बाजार दोन टक्के वर गेला की शेअरमध्ये १८ हजार मिळतात आणि फ्युचरमध्ये ३४ हजार जातात. इतक्या रकमेला निर्देशांकाच्या फ्युचरची वाट उपलब्धच नाही असं समजावं. थोडे शेअर विकून रोख वाढवणं त्यांना स्वस्त पडतं. शिवाय वैयक्तिक गुंतवणूकदाराच्या फ्युचरमधल्या नफ्या-तोट्याची गणना आयकरात व्यवसायाच्या उत्पन्नात होते, तर न विकलेल्या शेअरमधला तोटा कुठेच धरला जात नाही. ४ जूनसारख्या दिवशी फ्युचरमध्ये आलेल्या पावणेसहा-सहा लाखांवर कर लागू शकतो आणि शेअरमधली तेवढीच घट मात्र विवरणपत्रात दिसत नाही. किती लॉट विकायचे हे ठरवताना करानंतर हातात किती उरेल, तोही आकडा त्याच कागदावर मांडावा.